रेषेची जाडी व अक्षराची ओळख : नकाशांच्या विवर्धनाचा एक विचार

१

नकाशा मोठा काढणे आणि काढलेला नकाशा मोठा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत आरेखक मोजणीच्या मूळ आकड्यांकडे परत जातो. दुसरीत त्याच्या हाती केवळ कागदावरची शाई असते. आज जुने नकाशे व यंत्रांची, इमारतींची आरेखने स्कॅन करून ती दुप्पट-चौपट मोठी करण्याचे काम ग्रंथालयांत आणि अभियंत्यांच्या कार्यालयांत नित्य चालते. हे काम दुसऱ्या प्रकारचे होय. त्यातील बहुतेक दोषांचे मूळ एका ऐतिहासिक वस्तुस्थितीत सापडते. नकाशाकलेची सारी परंपरा मोठ्यातून लहान करण्याची होती. लहानातून मोठे करण्याची नव्हती. तिची साधने, तिची रेषा आणि तिचे अक्षर ही सर्व त्या एका दिशेस अनुरूप घडलेली आहेत. प्रवाहाच्या उलट दिशेने जावयाचे असल्यास काय हाती लागते व काय सुटते, हे त्या घडणीवरूनच समजून घ्यावे लागते.

२

इंग्लंडातील ऑर्डनन्स सर्व्हे या खात्यापुढे १८५० नंतरच्या दशकात एक प्रश्न उभा राहिला. मोजणी १ : २५०० या मोठ्या प्रमाणावर होऊ लागली होती, पण त्याच मोजणीवरून मैलाला सहा इंचांचा, म्हणजे १ : १०५६० या प्रमाणाचा नकाशाही हवा होता. खात्याचे प्रमुख सर हेन्री जेम्स यांनी हे लघुकरण छायाचित्राच्या साहाय्याने करविले, आणि १८५९ च्या सुमारास छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची, फोटोझिंकोग्राफी या नावाने ओळखली जाणारी पद्धती त्याच खात्यात सिद्ध झाली.

या दोन प्रमाणांतील गुणोत्तर ४.२२ इतके आहे. मोठ्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची रेषा असेल तर लघुकरणानंतर ती ०.०५ मिलिमीटरहूनही किंचित बारीक होईल. दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर अर्ध्या मिलिमीटरच्या आत येईल. छायाचित्रास रेषा आणि अंतर यांतील भेद कळत नाही. ते दोन्ही सारख्याच प्रमाणात आखडते. परंतु नकाशात या दोहोंचा अर्थ वेगळा असतो. दोन गावांमधील अंतर हे मोजलेले सत्य आहे, तर रस्त्याच्या रेषेची जाडी हा संकेत आहे. अंतर प्रमाणाबरोबर बदलले पाहिजे. संकेत वाचकाच्या डोळ्यास बांधलेला असल्याने तो बदलता कामा नये. भाषेच्या उपमेने बोलावयाचे तर पहिला आशय आहे व दुसरी लिपी आहे, आणि आशय लहान झाला म्हणून लिपी त्या प्रमाणात आखडत नाही.

यावर तोडगा निघाला तो असा की, चित्र आधीच पुढील लघुकरणाच्या हिशेबाने काढावे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या विसाव्या शतकातील नकाशांची अंतिम आरेखने छपाईच्या प्रमाणाच्या दीडपट मोठी काढीत. छापील नकाशावर ०.१ मिलिमीटरची रेषा हवी असेल तर आरेखक ०.१५ मिलिमीटरची रेघ ओढी. तो फिक्या निळ्या छापावर काम करी, कारण त्या काळच्या छायाचित्राच्या काचेस निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसे, आणि काळ्या शाईने काढलेले तेवढेच उमटे. लघुकरणात हाताचा कंप आणि शाईची खरखरीत कडा हीही दीडपटीने लहान होत. छापील नकाशाची जी नितळ रेषा आपणांस दिसते तिच्या नितळपणात लघुकरणाचा वाटा मोठा आहे. विवर्धन हा वाटा परत घेते. शाईचे पसरणे, कागदाचे तंतू, छपाईतील सूक्ष्म तुटी असे जे लहान होऊन लपले होते ते सारे विवर्धनाबरोबर पुन्हा डोळ्यांपुढे येते.

३

अभियांत्रिकी आरेखनांच्या क्षेत्रात हाच विचार अधिक नियमबद्ध झाला. जर्मनीत १९२२ साली कागदाच्या आकारांचे जे मानक ठरले त्यात प्रत्येक मोठा कागद मधोमध दुमडला की पुढचा लहान आकार मिळतो. त्यामुळे लगतच्या दोन आकारांच्या लांबींचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतके, म्हणजे १.४१ असते. पुढे शाईच्या पेनांच्या टोकांनाही हीच श्रेणी लावण्यात आली : ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर. अक्षरांच्या उंचीही २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशाच चढत्या ठरल्या. आरेखनावरील लेखनाचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका प्रकारात अक्षराच्या रेघेची जाडी त्याच्या उंचीच्या एकदशांश असते, म्हणजे ३.५ मिलिमीटर उंचीचे अक्षर ०.३५ च्या पेनाने लिहावयाचे.

या योजनेतील खुबी लघुकरणात दिसून येते. ए१ आकाराचे आरेखन ए२ वर उतरविले की ०.३५ ची रेषा ०.२५ ची होते, ०.५ ची ०.३५ ची होते, आणि ३.५ मिलिमीटरचे अक्षर २.५ चे होते. प्रत्येक रेषा एक पायरी खाली येते, पण श्रेणीबाहेर जात नाही. लहान प्रतीवर दुरुस्ती करावयाची असली तरी योग्य जाडीचे पेन हाताशी असते. रेषेची जाडी येथे आरेखकाच्या अंदाजावर राहिली नाही. ती एका श्रेणीतील पद बनली.

उलट दिशेने जाणाऱ्यासही ही श्रेणी फार उपयोगी पडते, हे सहसा ध्यानात येत नाही. लगतच्या दोन पेनांत एक्केचाळीस टक्क्यांचे अंतर असल्याने, स्कॅनवरून रेषेची जाडी मोजताना पंधरा टक्क्यांची चूक झाली तरी ती रेषा कोणत्या पेनाची हे बहुधा निश्चित सांगता येते. छापील नकाशाच्या बाबतीत अशी हमी नसते. तेथे रेषांचे वर्ग प्रथम सूचीवरून व मोजणीवरून ठरवून घ्यावे लागतात.

४

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. मैलाला एक इंच, म्हणजे १ : ६३३६० या प्रमाणाचा एक छापील नकाशा इंचाला ३०० पिक्सेल या घनतेने स्कॅन केला आहे, असे समजू. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोनी ठिपका. या स्कॅनमध्ये त्याची बाजू ०.०८५ मिलिमीटर, आणि जमिनीवर सुमारे साडेपाच मीटर होते. नकाशावरील साधी समोच्चरेषा ०.१ मिलिमीटर व ठळक समोच्चरेषा ०.२ मिलिमीटर जाड आहे असे धरले, तर पहिली १.१८ आणि दुसरी २.३६ पिक्सेल रुंद भरते.

पुष्कळ ठिकाणी स्कॅन करतानाच चित्र शुद्ध काळ्या-पांढऱ्यात घेण्याची चाल आहे. तसे केल्यास प्रत्येक पिक्सेल अर्ध्याहून अधिक शाईने व्यापला असेल तर काळा, एरवी पांढरा ठरतो. मग १.१८ पिक्सेलची रेषा, ती जाळीवर नेमकी कोठे पडली त्यानुसार, कोठे एक तर कोठे दोन पिक्सेल रुंद होते, २.३६ ची रेषा दोन किंवा तीन होते. दोन पिक्सेल रुंदीची रेषा पाहून ती साधी की ठळक हे सांगता येत नाही. म्हणजे विवर्धनाला आरंभ होण्यापूर्वीच दोन संकेतांतील भेद नष्ट झाला. इंचाला ६०० पिक्सेल घेतले असते तर साधी रेषा दोन-तीन आणि ठळक रेषा चार-पाच पिक्सेलची झाली असती, व भेद टिकला असता. स्कॅनची घनता ठरविताना सर्वांत बारीक रेषा दिसते की नाही एवढेच पाहणे पुरेसे नाही. लगतच्या दोन जाड्या परस्परांपासून ओळखता येतात की नाही हे पाहावयास हवे.

मूळ कागद पुन्हा मिळण्यासारखा नसेल आणि ३०० चाच स्कॅन हाती असेल, तर तो करड्या छटांत असणे ही एकच आशा असते. रेषेची खरी जाडी त्या छटांत साठविलेली असते. कागदाचा उजेड २४० आणि शाईचा ४० आहे असे माना. रेषेला आडवे छेदणाऱ्या पाच पिक्सेलांची मूल्ये २४०, १९०, ६०, १८०, २४० अशी आली. कागदापासून प्रत्येकाची घट अनुक्रमे ०, ५०, १८०, ६०, ० आहे, बेरीज २९०. कागद व शाई यांतील पूर्ण अंतर २००, म्हणून रेषेची जाडी २९० भागिले २००, म्हणजे १.४५ पिक्सेल, अर्थात ०.१२ मिलिमीटर. डोळ्यास तीन पिक्सेलांचा अस्पष्ट पट्टा दिसत असला तरी त्यातील शाईची बेरीज रेषेची जाडी सांगते. एक सावधगिरी मात्र हवी. स्कॅनर साठवितो ते आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्धवट झाकलेला पिक्सेल त्यांत वाजवीपेक्षा उजळ नोंदला जातो. आकडे प्रथम सरळ प्रमाणात आणून मगच बेरीज केली पाहिजे. एरवी बारीक रेषा आहे त्याहून बारीक भासते.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम करड्या चित्राचे विवर्धन करावे आणि काळे-पांढरे करणे अगदी शेवटी ठेवावे. विवर्धनात नव्या पिक्सेलांची मूल्ये शेजारच्यांवरून काढतात. यास अंतर्वेशन म्हणतात. जवळच्या पिक्सेलाचीच नक्कल केली तर तिरप्या रेषेच्या पायऱ्या होतात. रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडलेले घन अंतर्वेशन शेजारच्या सोळा पिक्सेलांचा विचार करते, आणि रेषा पुष्कळ नितळ ठेवते. पण ते रेषेच्या दोन्ही अंगांस कागदाहूनही उजळ अशी एक किनार निर्माण करते. पिवळसर जुन्या कागदावर ही किनार चटकन दिसते. दाट समोच्चरेषांमध्ये किंवा अक्षराच्या पोटात ती पडली की खोटी पोकळी भासते. तेव्हा मूल्यांना कागदाच्या उजेडाची मर्यादा घालणे इष्ट ठरते.

शेवटी काळ्या-पांढऱ्याची सीमा कोठे धरावयाची? नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली सुचविलेली पद्धत चित्रातील सर्व मूल्यांची विभागणी पाहून ही सीमा स्वतःच निवडते. परंतु बारीक रेषांच्या नकाशात शाईने व्यापलेला भाग फार थोडा असतो. अशा वेळी त्या पद्धतीची निवड कागदाच्याच डागांकडे व छटांकडे झुकते. शिवाय नकाशाची घडी, कडा आणि मधला भाग यांचा उजेड भिन्न असतो. म्हणून सीमा भागाभागाने ठरवावी, आणि तिची कसोटी वरील बेरजेने घ्यावी. १.४५ पिक्सेलची रेषा चौपट विवर्धनानंतर ५.८ पिक्सेल भरली पाहिजे. ती साडेचार भरत असेल तर सीमा फार गडद बाजूस आहे, सात भरत असेल तर फार उजळ बाजूस आहे. नकाशाच्या चार-पाच ठिकाणी, प्रत्येक जाडीच्या रेषेवर, अशी मोजणी करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

एवढे करूनही ०.१ मिलिमीटरची रेषा चौपट प्रतीवर ०.४ मिलिमीटर होणारच. प्रमाण राखले गेले; पण ही मैलाला चार इंचांच्या नकाशाची रेषा नव्हे. बारीक रेषा हवी असेल तर रेषेचा मध्य शोधून तीवरून नव्या जाडीने रेघ ओढावी लागते, म्हणजे आरेखकाचे काम पुन्हा करावे लागते. समोच्चरेषांना ते लागू पडते. अक्षरांना ते लावू नये. अक्षराची जाड-बारीक रेघ हाच त्याचा आकार असतो, आणि मध्यरेषा काढताच त्याचे सांधे विद्रूप होतात.

५

रेषा मोजता येते. अक्षर वाचावे लागते. म्हणूनच अक्षराच्या बाबतीत चूक निराळ्या स्वरूपाची होते. रेषा बिघडली तर बिघडलेली दिसते, अक्षर बिघडले तर पुष्कळदा दुसरे अक्षर होते.

देवनागरीत लिहिलेल्या गावनकाशांत याचे उदाहरण पदोपदी आढळते. स्कॅनवरील धुळीचे ठिपके काढण्यासाठी ठरावीक क्षेत्रफळाहून लहान असे सर्व सुटे ठिपके पुसण्याची पद्धत आहे. ०.३ मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार इंचाला ३०० च्या स्कॅनमध्ये जेमतेम दहा पिक्सेल व्यापतो. मर्यादा बारा पिक्सेलांची ठेवली की धुळीबरोबर अनुस्वारही जातो, आणि हद्दीच्या रेषेतील ठिपकेही जातात. ‘चिंचवली’चे ‘चिचवली’ झाले तरी वाचक सावरून घेतो, कारण शब्दात आवश्यकतेहून अधिक खुणा असतात व उरलेल्यांवरून हरवलेली कळते. ‘कोंडी’ची ‘कोडी’ झाल्यास ते कळेलच असे नाही. रोमन लिपीतील पुष्कळ जुन्या नकाशांवर दीर्घ स्वर अक्षरावरील बारीक आडव्या रेघेने दाखवीत. ती रेघ गेली की माळवाडी व मळवाडी यांत भेद उरत नाही. आकड्याला तर असा काहीच आधार नसतो. भूमापन क्रमांकातील १ चा ९ झाला तर तोही तितकाच संभाव्य क्रमांक असतो, आणि जमीन मात्र दुसऱ्याची होते.

या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१३ साली जर्मनीत उघडकीस आले. डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स वर्कसेंटर जातीच्या यंत्रावर एका इमारतीचे आरेखन स्कॅन केले. मूळ आरेखनात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ असे आले. अक्षरे स्वच्छ होती, कडा तीक्ष्ण होत्या, कोठेही डाग नव्हता. हे विवर्धन नव्हते. चित्र थोड्या जागेत साठविण्याची ती एक रीत होती. परस्परांसारखे दिसणारे तुकडे एकच मानून त्यांपैकी एकाचीच प्रतिमा सर्वत्र ठेवावयाची, अशी तिची योजना होती. आणि लहान, अस्पष्ट आकडे तिला एकसारखे वाटले. कंपनीने पुढे दुरुस्तीचे प्रोग्राम दिले. पण या प्रकरणाचा बोध त्या यंत्रापुरता नाही. पूर्वीच्या सर्व पद्धतींत अस्पष्ट मूळ अस्पष्टच राही, व वाचक थबके. येथे प्रथमच अस्पष्टाच्या जागी स्पष्ट परंतु खोटे असे चिन्ह बसले, आणि थबकण्याचे कारणच नाहीसे झाले.

२०१४ पासून विवर्धनात ज्या पद्धती पुढे आल्या त्यांत हाच धोका अधिक व्यापक रूपाने आहे. हाँगकाँगमधील संशोधकांनी त्या वर्षी दाखवून दिले की, असंख्य चित्रे लहान करून व त्यांची मूळ रूपे समोर ठेवून संगणकाच्या जालास विवर्धन शिकविता येते. असे जाल शेजारच्या पिक्सेलांची केवळ सरासरी काढीत नाही. ‘असे अस्पष्ट दिसते तेव्हा मूळ बहुधा असे असते’ हा अनुभव ते वापरते. पण त्याचा अनुभव सामान्यतः छायाचित्रांचा असतो. जवळजवळ आलेले तुटक रेषेचे तुकडे ते जोडून टाकते, मग हद्दीची रेषा पायवाट होते. तीनच्या उघड्या तोंडातील फट एक-सव्वा पिक्सेलची असेल तर ते तोंड मिटवून आठ करते, किंवा आठाचे तोंड उघडते, आणि दोन्ही वेळी कडा सारखीच तीक्ष्ण असते.

याची एक परीक्षा आहे. विवर्धित चित्र पुन्हा मूळ आकारास लहान करून मूळ स्कॅनमधून वजा करावे; उरलेला फरक कागदाच्या स्वाभाविक खरखरीहून अधिक असता कामा नये. जेथे रेषेच्या किंवा अक्षराच्या आकाराचा माग उरलेला दिसतो, तेथे काहीतरी नव्याने घातले गेले आहे. मात्र ही परीक्षा एकाच बाजूने निर्णायक आहे. ती न उतरणारे चित्र खोटे असते. उतरणारे खरे असतेच असे नाही, कारण लहान केल्यावर तीन आणि आठ दोन्ही त्याच करड्या डागात मिळून जाऊ शकतात.

तेथे चित्राबाहेरील, पण नकाशातीलच, साक्ष काढावी लागते. पन्नास फुटांच्या अंतराने समोच्चरेषा असलेल्या नकाशावर एका शिखराजवळ १८३८ हा आकडा वाचला गेला, तर तो १८०० च्या रेषेच्या आत व १८५० ची रेषा सुरू होण्यापूर्वी असला पाहिजे. तेथील रेषा मोजून शेवटची १३०० ची निघाली, तर तो १३३८ असावा. आरेखनात खोल्यांच्या लांबी-रुंदीचा गुणाकार क्षेत्रफळाशी जुळला पाहिजे, आणि भिंतीवरील तुकड्यांच्या मापांची बेरीज एकूण मापाइतकी आली पाहिजे. गावाचे नाव त्या तालुक्याच्या गावांच्या यादीत सापडले पाहिजे. क्रीझेल यांच्या आरेखनातील चूकही अशाच रीतीने ध्यानात आली : लहान-मोठ्या खोल्यांची क्षेत्रफळे एकच कशी, हा प्रश्न चित्राच्या स्वच्छतेने नव्हे, तर त्याच्या अर्थाने उपस्थित केला.

ज्या आकड्याला अशी कोणतीच साक्ष मिळत नाही, त्याच्या बाबतीत एकच मार्ग उरतो. तो भाग करड्या छटांतच ठेवावा, काळा-पांढरा करू नये, आणि शेजारी संशयाची खूण करावी. प्राचीन हस्तलिखितांच्या संपादनात गळलेले अक्षर कंसात दाखविण्याची शिस्त आहे. संपादक त्या जागी आपले अक्षर घालतो तेव्हा ते आपले आहे हे सांगून घालतो. विवर्धित नकाशाबरोबर मूळ स्कॅन, त्याची घनता, विवर्धनाची पद्धत आणि संशयित वाचनांची यादी ही चार ठेवली गेली, तर पुढील वाचकास शाई कोठे संपते व अनुमान कोठे सुरू होते हे स्वतः पाहता येईल.